भाऊबीज : ताईला शंभर शब्दांची चिठ्ठी लिहायची आहे, फॉरवर्डची भाषा नको

घोडबंदरकर

भाऊबीजेला ताईकडे नेरुळला जाणार आहे. यंदा ओवाळणीसोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी द्यायची आहे. ताई मोठी, मी धाकटा. कविता नको, चारोळी नको, शंभरेक शब्द पुरेत. पहिला खर्डा असा झालाय :

> प्रिय ताई, भाऊबीजेच्या हार्दिक शुभेच्छा. बहीण-भावाचं नातं हे जगातलं सगळ्यात पवित्र आणि अतूट नातं. तू माझ्यासाठी आईच्या मायेची सावली आहेस. प्रत्येक सुखदुःखात तू माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिलीस. तुझ्यासारखी बहीण मिळायला भाग्य लागतं. देव तुला उदंड आयुष्य देवो. मीही सदैव तुझ्या पाठीशी असेन. तुझा लाडका भाऊ.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी वाचल्यावर ग्रुपवरून उचलल्यासारखं वाटतं. नेमकं काय बदलू?

वर्षा_कोपरी

पाकिटात रक्कम किती घालायची हे ठरलं नसेल तर शेवटी एक येईल असं बघा, पाचशे एक किंवा हजार एक. रुपया चिकटवलेली पाकिटं जांभळी नाक्याला भरपूर मिळतात. साडी घेणार असाल तर दिवाळीच्या आठवड्यात गोखले रोडला जाऊच नका, आधीच उरकून घ्या. रंग तिला विचारून घेतलेला बरा.

घोडबंदरकर

वर्षाताई, पाकिटाचं झालंय. अडलंय ते मजकुरापाशी.

शाईदौत

खर्डा नीट वाचला. तुमच्या भावना खऱ्या आहेत, पण वाक्यांमधून ताई दिसत नाही. खात्री करायची असेल तर चिठ्ठीतली क्रियापदं तेवढी खाली वेगळी लिहून काढा. आहेस, उभी राहिलीस, लागतं, देवो, असेन. यातल्या एकाही क्रियापदात ताईचा हात हललेला नाही. ‘पाठीशी उभी राहिलीस’ ही कृती वाटते, पण डोळ्यांसमोर काय येतं? काहीच नाही. ती कुठे उभी होती, तिच्या हातात काय होतं, ती काय म्हणाली, हे काही कळत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला लाखो ताया सांभाळायच्या असतात, म्हणून तो क्रियापदं अशी मोकळी ठेवतो आणि ती जागा विशेषणांनी भरतो. पवित्र, अतूट, खंबीर, उदंड. तुम्हाला एकच ताई आहे, तेव्हा विशेषणं काढा आणि क्रियापदं भरा.

त्यासाठी तीन गोष्टी आधी कच्च्या कागदावर उतरवा, चिठ्ठीच्या भाषेत नको.

गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत ताईने स्वतःच्या हाताने केलेलं एक काम. बालपणात जाऊ नका. भांडणं, खाऊची वाटणी, एकाच सायकलवर डबलसीट, या आठवणी सगळ्यांच्या सारख्याच असतात. गेल्या वर्षातली गोष्ट मात्र फक्त तुमच्याच घरात घडलेली असते.

ते काम करताना तुम्हाला दिसलेला एक बारकावा, जो तिला वाटत असेल की कुणी पाहिला नाही. चिठ्ठीचं खरं वजन इथे असतं. तिने काय केलं ते तिला ठाऊकच आहे. तुम्ही ते पाहिलंत, हे तिला ठाऊक नाही.

आणि येत्या दोन-तीन महिन्यांत तिच्या डोक्यावरचं एक काम जे तुम्ही उचलणार आहात, शक्यतो दिवस-वार ठरलेलं. ‘सदैव पाठीशी असेन’ याऐवजी हे येईल.

तिन्ही इथे टाका, मग चिठ्ठी कशी बसवायची ते बघू.

जोशीबुवा

मूळ चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. मायनाच नाही! मोठ्या बहिणीला ‘प्रिय’ लिहीत नाहीत. ‘तीर्थरूप ताईस शि. सा. न. वि. वि.’ असा मायना हवा आणि कागदाच्या माथ्यावर मधोमध ‘श्री’. पत्राला पत्राचं रूप असलं की निम्मं काम तिथेच होतं.

शाईदौत

बुवा, ‘श्री’ जरूर लिहावं, सणाच्या कागदावर शोभतं. पण तीर्थरूप हा मायना आई-वडिलांचा. इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. बऱ्याच घरांत दोन्हींचं संक्षिप्त रूप ‘ती.’ असंच लिहायचे, त्यामुळे फरक पुसला गेला. ज्यांना सा. न. वि. वि. लिहायचंय त्यांनी ‘सा’चा काना विसरू नये. काना गेला की साष्टांगाचं सप्रेम होतं आणि मायना बरोबरीच्या माणसाचा होऊन बसतो.

मनीषा_सीवूड्स

मी मोठी बहीण आहे, म्हणून चिठ्ठी घेणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

मायना तिला रोज जशी हाक मारता तसाच ठेवा. जो भाऊ फोनवर ‘ए ताई, ऐक ना’ म्हणतो, त्याने एकदम तीर्थस्वरूप लिहिलं तर पुढचं सगळं दुसऱ्याने सांगितल्यासारखं वाटतं. एकटं ‘ताई,’ लिहून स्वल्पविराम दिला तरी पुरतं. ‘प्रिय’ चुकीचं नाही, पण तो शब्द आता ऑफिसच्या ईमेललाही लागतो, त्यामुळे त्यात काही उरलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘आईच्या मायेची सावली’ काढाच. लिहिणाऱ्याला तो गौरव वाटतो. मोठ्या बहिणीला त्यात पुढच्या वर्षाची कामं ऐकू येतात. घरात कुणी आजारी पडलं, कुणाच्या शाळेचं अडलं, की आधी तिला फोन. वर ‘तू आईसारखी’ म्हटलं की नाही म्हणायची सोयच राहत नाही. तिला बहीणच राहू द्या.

घोडबंदरकर

हे सावलीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, काढतो. शाईदौत, तिन्ही गोष्टी अशा :

बाबा माझ्याकडे असतात. वैशाखात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ताई दर रविवारी नेरुळहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यायची.

बारकावा : डोळ्यात घालायच्या औषधांच्या तीन बाटल्या होत्या, तिन्ही एकाच आकाराच्या. चष्म्याचा नवा नंबर मिळेपर्यंत बाबांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. ताईने एका बाटलीला एक रबरबँड लावला, दुसरीला दोन, तिसरी तशीच ठेवली. मग बाबांना डोळे मिटायला लावून बोटांनी ओळखायला सांगितलं. ते बरोबर सांगेपर्यंत ती तिथून उठली नाही. मी दारात उभा होतो, तिची माझ्याकडे पाठ होती.

पुढचं काम : दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मार्गशीर्षात आहे. पहिला आठवडा मी रजा घेणार आहे.

शाईदौत

चिठ्ठी इथेच आहे. यात भर घालायची नाही, फक्त क्रम लावायचा.

सुरुवात बाटल्यांपासून करा. ‘भाऊबीजेच्या शुभेच्छा’ने नको. शुभेच्छा तुम्ही दारात पाऊल टाकताच तोंडाने देणार आहात, कागदावरची जागा त्यात कशाला घालवायची? पहिल्याच वाक्यात ‘तीन बाटल्या एकसारख्या होत्या’ आलं की ताई लगेच त्या रविवारात जाते.

मग तिची कृती, जशी घडली त्या क्रमाने. ‘किती हुशारीने तू’ असं कुठेही लिहू नका. हुशारी रबरबँडात आहेच, शेरा मारला की ती कमी होते. त्यानंतर एक छोटं वाक्य, तुम्ही कुठून पाहिलंत त्याचं. आणि एक वाक्य त्याचा उपयोग काय झाला त्याचं, म्हणजे बाबांनी पुढे काय केलं.

मग रिकामी ओळ सोडा आणि मार्गशीर्षावर या. रजा ‘घेणार आहे’ लिहू नका. आधी अर्ज द्या आणि मग ‘घेतली आहे’ लिहा. ‘मी करीन’ने संपणारी वाक्यं मोठ्या बहिणीने भरपूर ऐकलेली असतात. आधी झालेली गोष्ट तिला वेगळी ऐकू येते.

खाली तिने घरात दिलेलं नाव. ‘तुझा लाडका भाऊ’ नको, लाडका आहात की नाही हे तिने ठरवायचं.

लांबीचं म्हणाल तर फुलस्केपच्या अर्ध्या कागदावर, एका बाजूला, सुट्या अक्षरात ऐंशी-नव्वद शब्द आरामात बसतात. मागची बाजू कोरी राहू द्या. चिठ्ठी उलटावी लागली की ती पत्र होते आणि चार माणसांत बसलेली बहीण ती नंतर वाचू म्हणून ठेवून देते.

सानिका_पाचपाखाडी

थोडं वेगळं मत मांडते. सणाच्या दिवशी ऑपरेशन, औषधं, रजा हे बरं वाटत नाही. ताई त्या दिवशी नटलेली असते, ताट मांडलेलं असतं. तिला हसवणारं काही लिहा ना. आजारपण बाकीचं वर्षभर आहेच.

मनीषा_सीवूड्स

सानिका, ऑपरेशन बिघडलं असतं किंवा बाबा अजून त्रासात असते, तर मीही हेच म्हटलं असतं. इथे बाबा बरे आहेत आणि बाटल्या ओळखण्याचा खेळ गोडच आहे. आजारपणाच्या गोष्टीत शेवट चांगला झाला असेल तर ती सणाला चालते असं मला वाटतं.

सानिका_पाचपाखाडी

चालत असेल, पण मी असते तर ‘ऑपरेशन’ हा शब्द तरी टाळला असता. ‘दुसरा डोळा मार्गशीर्षात’ म्हटलं तरी तिला कळतंच.

शाईदौत

हे चांगलं सुचवलंत. शब्दही वाचतो आणि घरात बोलतात तसंच होतं.

अमेय_ऐरोली

माझा प्रश्न जरा निराळा आहे. वडिलांच्या फ्लॅटवर नाव लावण्यावरून माझं आणि बहिणीचं बोलणं बंद आहे. भाऊबीजेला जाणार आहे, आईसाठी. चिठ्ठीत त्याबद्दल माफी मागावी का? की काहीच झालं नाही असं लिहावं?

शाईदौत

काहीच झालं नाही असं लिहू नका, ते वाचताना टोचतं. पण माफीही या चिठ्ठीत नको. सणाच्या दिवशी पाटासमोर दिलेली माफी तिला नाकारता येत नाही. आई बघत असते, मुलं बघत असतात. जिला नाही म्हणायची मुभाच नाही तिच्याकडून मिळालेल्या होकाराला अर्थ नसतो. फ्लॅटचं बोलणं वेगळ्या दिवशी, समोरासमोर करा. चिठ्ठी फक्त एका कामाबद्दल, चार ओळींची.

मनीषा_सीवूड्स

मला हे पटत नाही. भांडण ताजं असताना इतर कामाबद्दल गोड चार ओळी आल्या तर बहिणीला वाटेल हा मूळ विषय झाकतोय. एक ओळ हवी : ‘फ्लॅटचं आपण बोलू, तू म्हणशील त्या दिवशी मी येतो.’ माफी नाही, नुसता दरवाजा उघडा ठेवायचा. दिवस तिने निवडायचा.

शाईदौत

ओळ चांगली आहे. माझी भीती एवढीच, की ती ओळ चिठ्ठीत असली तर तिला बाकीचं काही दिसणारच नाही. अमेय, तुमची बहीण कागदावरचं दहादा वाचणारी असेल तर ओळ लिहू नका, निघताना तोंडाने सांगा. बोललेलं विसरणारी असेल तर लिहा. तिचा स्वभाव तुम्हालाच ठाऊक.

अमेय_ऐरोली

ती दहादा वाचणारी आहे. पण निघताना तोंडाने बोलायचं धाडस मला होईल असं वाटत नाही. विचार करतो.

वर्षा_कोपरी

मघाशी मी पाकिटाचं बोलले, आता कामाचं सांगते, कारण औक्षणाची तयारी करण्यात माझा हात बसलेला आहे. चिठ्ठी ओवाळणीच्या तबकात ठेवू नका. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आणि मधे निरांजन. निरांजनातलं तूप थोडंतरी सांडतंच आणि कागदाला तूप लागलं की डाग आरपार जातो, शाई असो नसो. कुंकवाचं बोट लागलं तर ते पुसायला गेल्यावर अक्षरावर पसरतं.

पैशाच्या पाकिटातही घालू नका. ती पाकिटं तिथल्या तिथे कुणी उघडत नाही. संध्याकाळी सगळी एकत्र फोडली जातात, कधी नवरा फोडतो, कधी मुलं, नोटा काढून पाकिटं केरात जातात. चिठ्ठीसाठी साधं पांढरं वेगळं पाकीट, वर फक्त ‘ताई’. औक्षण झालं, तिने तबक खाली ठेवलं, हात पुसले, की मग हातात द्या.

शाईदौत

वर्षाताई, हे अगदी बरोबर. त्याला जोडून कागद-पेनाचं. गुळगुळीत ग्रीटिंग कार्डावर जेल पेनची शाई लवकर सुकत नाही, घडी घातली की समोरच्या पानावर उलटी उमटते. तसलं कार्ड आणलंच असेल तर बॉलपेन वापरा आणि पाकिटात घालण्याआधी तासभर उघडं ठेवा. त्यापेक्षा साधा जाड कागद बरा, त्यावर कुठलंही पेन चालतं. शाईचं पेन हौसेने वापरत असाल तर घामट हातापासून जपा, ठाण्याचा ऑक्टोबर तुम्हाला माहीतच आहे.

आधी पेन्सिलने रेघा मारा, लिहून झाल्यावर खोडा. पण शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर लावू नका, ओळीच्या ओळी धुरकट होतात. एखादा शब्द चुकला तर एक सरळ रेघ मारून पुढे जा. व्हाइटनरने चिठ्ठी अर्जासारखी दिसते.

शुद्धलेखनात तीन शब्द नेहमी घात करतात : आशीर्वाद, दीपावली, बहीण. तिन्हींत दीर्घ. फक्त ‘बहिणीला’ म्हणताना हि ऱ्हस्व होतो.

विक्रांत_वाशी

अक्षर अगदीच वाईट असेल तर? टाइप करून प्रिंट काढली तर चालेल का? की सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं?

मनीषा_सीवूड्स

अक्षर वाचता येत असेल तर वाईट असलं तरी हातानेच. वाचताच येत नसेल तर मजकूर टाइप करा आणि खालचं नाव हाताने घाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर स्वतः टाइप केलेल्या मजकुरावर फॉरवर्डचा बाण येत नाही हे खरं, पण ठळक अक्षरं, फुलं, दिवे आणि एकाखाली एक तुटक ओळी दिसल्या की माणूस न वाचताच खाली सरकतो. सलग परिच्छेद लिहा, चिन्ह एकही नको. आणि फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तिथे तिच्याआधी चार मावश्या अंगठे देतात.

घोडबंदरकर

आज रजेचा अर्ज दिला. सगळ्यांचं वाचून असं लिहिलंय :

> ताई,
> बाबांच्या डोळ्याच्या तिन्ही बाटल्या एकसारख्या होत्या. एकीला तू एक रबरबँड लावलास, दुसरीला दोन, तिसरी तशीच ठेवलीस. मग बाबांना डोळे मिटायला लावून बोटांनी ओळखायला सांगितलंस आणि ते बरोबर सांगेपर्यंत उठली नाहीस. मी दारात उभा होतो, तुझ्या मागे. त्या दिवसानंतर कुठली बाटली कुठली, हे बाबांनी मला एकदाही विचारलं नाही.
>
> दुसरा डोळा मार्गशीर्षात. पहिल्या आठवड्याची रजा मी घेतली आहे. तू रविवारी ये, पण जेवायला ये. बाटल्यांना रबरबँड मी लावीन, बरोबर लावलेत का तेवढं बघ.
>
> पिंट्या

‘तू ग्रेट आहेस’ अशा अर्थाचं एक वाक्य कुठेतरी हवं का? नाहीतर कोरडं वाटेल का?

शाईदौत

नको. ‘पण जेवायला ये’मध्ये ते आहे. एकच बदल सुचवतो : ‘तुझ्या मागे’ काढून ‘तुला दिसलो नाही’ करा. तुम्ही कुठे होतात यापेक्षा तिला तुम्ही दिसला नव्हतात, हे तिला कळायला हवं.

मनीषा_सीवूड्स

शेवटचं ‘तेवढं बघ’ अजिबात काढू नका. मोठ्या बहिणीचं तपासायचं काम तिच्याकडेच राहिलेलं आहे, हे तिला आवडेल.

जोशीबुवा

माथ्यावर ‘श्री’ घाला एवढंच म्हणतो. बाकी मजकूर उत्तम उतरलाय.

घोडबंदरकर

बुवा, घालतो. ‘तुला दिसलो नाही’ही घेतलं.

विक्रांत_वाशी

अजून एक. माझी धाकटी बहीण नागपूरला आहे, यंदा मला जाता येणार नाही. टपालाने पाठवलं तर? धाकटीला मायना काय?

शाईदौत

धाकटीला ‘चि.’ आणि नाव, पुढे ‘अनेक आशीर्वाद’. ती ‘ए दादा’ म्हणत असेल तर नुसतं घरचं नाव. मनीषाताईंनी सांगितलेला नियम इथेही लागू.

पन्नास पैशांचं पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचू शकतं, तेव्हा घरातलं काही लिहिणार असाल तर नको. अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र चांगलं, लिहायला जागाही बेताची मिळते, पण त्यात काहीही घालायची परवानगी नसते, फोटोसुद्धा नाही. सोबत फोटो किंवा अक्षता घालायच्या असतील तर साधं पाकीट घ्या. नोट मात्र टपालाच्या साध्या पाकिटात घालू नका, पैसे वेगळे पाठवा. दिवाळीच्या सुट्ट्या मधे येतात, म्हणून वसुबारसेच्या आधी पूर्ण आठवडा हातात ठेवून पेटीत टाका. पेटीवर लिहिलेली शेवटची वेळ टळली असेल तर पोस्टात जाऊन खिडकीवर द्या. आणि पत्त्याखाली पिनकोडचे सहाही आकडे सुटे लिहा, नागपूरचे पिनकोड शेवटच्या दोन आकड्यांवर बदलतात.